अठराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा: मीठ कमी पडलं की नस भडकली?

केस तशी रोजचीच आहे, पण तिच्यात या विषयातला सगळा वाद सापडतो म्हणून नीट लिहून काढतेय. पेशंट वय ४३, वजन ७४ किलो, बँकेत दिवसभर खुर्चीवर, दांडिया बाजारात राहतात, पळायला लागून तीन वर्षं झाली. ग्रुपमधे सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही दादाच म्हणते. मी फिजिओ आहे आणि वडोदऱ्यात पळणाऱ्यांची हिवाळ्यातली ठरलेली तक्रार एकच, ताई पोटरीत गोळा येतो.

जानेवारीतली हाफ मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर. सुरुवातीला थंडी होती, १४ डिग्रीच्या आसपास, संपेपर्यंत विशीत गेलं असेल. दादांना दोन तासांच्या आत यायचं होतं म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४० सेकंद, ५:४० चा पेस, आणि ट्रेनिंगमधल्या लांब रन सगळ्या ६:१५ ने, त्याही जास्तीत जास्त १६ किलोमीटरच्या. रेसच्या दिवशी गर्दी, ढोल, सगळे पुढे चाललेत, मग दादांनी पहिले दहा किलोमीटर ५:३० ने मारले. सतराव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत बारीक फडफड सुरू झाली, कातडीखाली काहीतरी वळवळतंय अशी, आणि अठराव्याला पोटरी दगडासारखी कडक होऊन पाय जमिनीवर टेकवेना. कडेला बसले, कोणीतरी पायाचा पंजा धरून नडगीकडे ढकलला, मिनिट दीड मिनिटात सुटलं, उठून पळाले, एकोणिसाव्याला परत तेच. मग चालत पळत २ तास ११ मिनिटांत आले.

आता मजा बघा. टेंटमधे त्यांना मीठ-लिंबू-सरबत दिलं, एका गुजराती मित्राने लगेच निदान केलं, "मीठुं खूटी गयुं". ते खरं आहे का हे बघायला दादांनी दुपारी ब्लड दिलं. सोडियम १३९, पोटॅशियम ४.२, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही नॉर्मल. रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, मिठाचं काहीच नाही बघा, मग झालं काय?"

मी विचारलं ब्लड किती वाजता दिलं, तर रेस संपल्यावर चार तासांनी. आणि मधे काय खाल्लं? सेव-उसळ, दोन प्लेट, वर ताक. म्हणजे गोळा आला तेव्हा रक्तात काय होतं ते हा रिपोर्ट सांगूच शकत नाही. मीठ कमी होतं हे त्यातून सिद्ध होत नाही आणि कमी नव्हतं हेही होत नाही.

मिठाची थिअरी आली कुठून ते थोडक्यात. १९२० च्या दशकात ब्रिटनमधल्या खोल, गरम कोळसा खाणीतल्या कामगारांना घामानंतर भयंकर गोळे यायचे, ते नुसतं पाणी पीत होते, पाण्यात मीठ घालून दिल्यावर फरक पडला. १९३० च्या दशकात अमेरिकेत हूवर धरणाच्या बांधकामावर तेच दिसलं, तिथे हार्वर्डच्या लोकांनी अभ्यास केला होता. या गोष्टी खऱ्या आहेत, कोणी त्या खोडलेल्या नाहीत. पण तो माणूस रोज आठ-दहा तास भट्टीसारख्या उकाड्यात घाम गाळणारा, अंगभर, पोटात, हातात, पायात गोळे येणारा. दादा थंडीत दोन तास पळाले आणि गोळा आला फक्त डाव्या पोटरीत. मीठ तर सगळ्या अंगातून जातं, मग उजवी पोटरी का सुटली? हा प्रश्न मिठाच्या थिअरीला सगळ्यात जड जातो.

दुसरी बाजू दक्षिण आफ्रिकेतून आली. मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या टीमने १९९७ मधे मांडलं की पळतानाचा गोळा हा मुळात नसांच्या कंट्रोलचा बिघाड आहे आणि तो थकव्याने होतो. मग त्यांनी केपटाउनच्या ५६ किलोमीटरच्या टू ओशन्स रेसमधे गोळे आलेल्यांची आणि न आलेल्यांची रक्तं तपासली, ते २००४ मधे छापून आलं. सोडियम गोळेवाल्यांचं सुमारे १४० आणि बाकीच्यांचं १४२, फरक आहे पण दोन्ही नॉर्मलमधेच, आणि पाणी कमी झाल्याचं म्हणाल तर दोघांत वेगळं काही निघालं नाही. नंतर आयर्नमॅन म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा लांब रेसवाल्यांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांना आधी गोळे आलेत आणि जे रेसमधे जास्त जोरात गेले त्यांनाच गोळे जास्त. दादांचे पहिले दहा किलोमीटर आठवा.

नसांची ही थिअरी काय म्हणते ते जरा सावकाश सांगते, कारण इथे लोक "थकव्याने गोळा येतो" एवढंच ऐकतात आणि त्याने काहीच समजत नाही. स्नायूला आकुंचन पाव असा हुकूम देणारी पेशी पाठीच्या कण्यात, म्हणजे स्पायनल कॉर्डमधे बसलेली असते, तिला मोटर न्यूरॉन म्हणतात. तिच्याकडे खालून सतत दोन प्रकारची खबर येते. स्नायूच्या मधोमध स्पिंडल नावाचे बारीक सेन्सर असतात, स्नायू ताणला की ते ओरडतात आणि न्यूरॉनला अजून चेतवतात. दुसरे सेन्सर टेंडनजवळ, म्हणजे पोटरीच्या खाली टाचेकडे जो दोर जातो तिथे, त्यांना गोल्जी टेंडन ऑर्गन म्हणतात, टेंडनवर ताण वाढला की ते न्यूरॉनला सांगतात बस कर. स्कूटरची रेस आणि ब्रेक समजा. प्राण्यांवरच्या प्रयोगात दिसलं की स्नायू थकल्यावर स्पिंडलची खबर वाढते आणि गोल्जीची कमी होते, म्हणजे रेस अडकली आणि ब्रेक ढिला. आता न्यूरॉन स्वतःहून फायर करायला लागतो, तुम्ही हुकूम दिलेला नसतो तरी.

याच्यात अजून एक गोष्ट, स्नायू आखूड अवस्थेत असेल तर टेंडनवर ताण नसतो, मग होता तो ब्रेकही जातो. पोटरीचा मोठा स्नायू, गॅस्ट्रॉक्निमिअस, गुडघा आणि घोटा अशा दोन सांध्यांवरून जातो, त्यामुळे पळताना तो वारंवार आखूड होऊन जोर लावतो. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग पण दोन सांध्यांवरून जातो, आणि पळणाऱ्यांना गोळे येतात ते बहुतेक यांनाच. झोपेत पंजा खाली वाकलेला असताना गोळा येतो तोही याच अवस्थेत.

आणि पंजा वर ढकलल्यावर गोळा सुटतो, यात या थिअरीचं सगळ्यात मोठं बळ आहे. स्ट्रेच करताना तुम्ही मिठाचा कणही आत घालत नाही, तरी मिनिटभरात कडक पोटरी सैल होते. माणिकरावांच्या आखाड्याच्या या गावात जुने पैलवान काका लोक "अंगठा धरून ओढ" सांगतात ते हेच, टेंडन ताणला, गोल्जी जागे झाले, न्यूरॉनला ब्रेक लागला. पण इथे एक पळवाट आहे बरं का, ती माझ्या फिजिओ दोस्तांना आवडत नाही. उपायाने गोळा सुटला म्हणजे तो सुरूही त्याच कारणाने झाला होता असं होत नाही. मीठ कमी झाल्यामुळे न्यूरॉन भडकला असता तरी स्ट्रेचने तो शांत झालाच असता, कारण ब्रेक दोन्हीकडे तोच.

मग नस भडकते ती नक्की कुठे, स्पायनल कॉर्डमधे की खाली स्नायूपाशी, नसेच्या टोकाला? याच्यावर २०११ मधे इटली-जर्मनीकडच्या संशोधकांचा एक छान प्रयोग आहे. त्यांनी नसेला विजेचे झटके देऊन मुद्दाम गोळा आणला, आधी साधा आणि मग वरच्या बाजूला नस ब्लॉक करून म्हणजे कॉर्डशी संबंध तोडून. ब्लॉक केल्यावरही गोळा आला, पण आणायला जास्त वेगाने झटके द्यावे लागले आणि आला तो लवकर संपला. म्हणजे ठिणगी खालीही पडू शकते पण आग टिकवायला वरचा कॉर्ड लागतो. माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात स्वच्छ पुरावा हाच आहे, आणि तो नसांच्या बाजूला जातो.

तरी मिठवाले संपले नाहीत, कारण त्यांच्याकडेही सरळ पुरावा आहे. २००५ मधे १३ जणांवर एक अभ्यास झाला, त्यांच्या पोटरीला थकवण्याचा एकच व्यायाम, एकदा घामाइतकंच साखर-मिठाचं पेय देऊन आणि एकदा काहीच न देता. पेय घेतलं तेव्हा १३ पैकी ९ जणांना गोळा आला, म्हणजे पेयाने टळला काही नाही, पण गोळा यायला लागलेला वेळ मात्र साधारण १५ मिनिटांवरून ३७ वर गेला. दोन्ही पार्ट्यांनी हा पेपर आपापल्या बाजूने वापरलाय. एक म्हणते बघा पेय पिऊनही आला, दुसरी म्हणते बघा दुप्पट उशिरा आला. दोघी खऱ्या.

२०१९ मधे ऑस्ट्रेलियातून आलेला प्रयोग तर अजून गमतीचा. दहा पुरुष, गरमीत उतारावर पळवून वजन २ टक्के कमी केलं, मग एकदा साधं पाणी दिलं आणि एकदा ओआरएससारखं द्रावण, आणि विजेच्या झटक्याने गोळा किती सहज येतो ते मोजलं. नुसतं पाणी प्यायल्यावर गोळा आणणं सोपं झालं, द्रावणानंतर अवघड झालं. खाणकामगार आठवले ना, ते पण नुसतं पाणीच पीत होते. म्हणजे पाणी कमी होण्यापेक्षा पाण्याने मीठ पातळ होणं हा मुद्दा असू शकतो, नसेच्या टोकाभोवतीच्या द्रवात सोडियम बदललं की नस जास्त चिडखोर होते असं त्यांचं म्हणणं. आणि हा मुद्दा रक्ताच्या रिपोर्टमधे दिसेलच असं नाही, कारण रक्त हाताच्या शिरेतून काढतात आणि भांडण चालू आहे पोटरीत.

पण हेही लक्षात घ्या की लॅबमधला गोळा हा रेसमधला गोळा नाही. रेसमधे कोणाला कधी गोळा येईल ते सांगता येत नाही, त्यामुळे सुई आणि मशीन घेऊन अठराव्या किलोमीटरला कोण उभं राहणार, मग संशोधक झटक्याने आणतात आणि तोही बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याखालच्या छोट्या स्नायूत. तिथे थकवा नसतो. रेसमधे थकवा असतो पण मोजमाप नंतरचं असतं. एकीकडे कारण हातात आहे तर गोळा नकली, दुसरीकडे गोळा असली आहे तर कारण हातात नाही, त्यामुळे इतकी वर्षं हे मिटत नाहीये.

लोणच्याच्या पाण्याची गोष्ट तर दोघांच्याही डोक्यावर बसली. अमेरिकेत काकडीच्या लोणच्याचं आंबट खारं पाणी खेळाडू पितात, २०१० मधे केविन मिलर यांनी ते तपासलं, किलोमागे १ मिली म्हणजे दादांना ७४ मिली. झटक्याने आणलेला गोळा साध्या पाण्यापेक्षा पाऊण मिनिट लवकर सुटला, आणि एवढ्या वेळात ते पोटातून रक्तात जाणं शक्यच नाही, रक्तात फरकही दिसला नाही. म्हणजे घशातल्या झणझणीत आंबट चवीने कुठलातरी रिफ्लेक्स सुरू होऊन न्यूरॉन शांत होतो असा अंदाज आहे. खारट गोष्टीने गोळा सुटला, पण मिठामुळे नाही. दादांच्या टेंटमधलं सरबत आठवा. (आणि हे ऐकून वहिनींनी आंब्याच्या लोणच्याचा खार बाटलीत भरायचं ठरवलं होतं, मी थांबवलं. आपल्या खारात तेल आणि मोहरी, तिकडचं व्हिनेगरचं पाणी. पळताना तो प्यायलात तर गोळा राहील बाजूला, पोटाचं काहीतरी होईल.)

आता दादांवर आम्ही काय केलं. पहिलं, घाम मोजला. १६ किलोमीटर नेहमीच्या ६:१५ ने पळायच्या आधी आणि नंतर कमीत कमी कपड्यात, अंग पुसून वजन. आधी ७४.२, नंतर ७२.९, मधे ४०० मिली पाणी प्यायलेले. म्हणजे घाम १.७ लिटर, तासाला साधारण एक लिटर, वजन घटलं पावणेदोन टक्के. काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. तरी गोळा नाही, फडफडसुद्धा नाही.

मग तेच १६ किलोमीटर, तेवढंच पाणी, फक्त शेवटचे पाच ५:४० ने. चौदाव्याला डाव्या पोटरीत फडफड सुरू. मिठाचा हिशोब जवळपास तोच, बदलला तो वेग, आणि तोही आधी थकलेल्या पायांवर. पुढच्या आठवड्यात तीच रन पण ओआरएस पीत पीत, तर फडफड आली पण पंधरा संपताना. हे काय ओळखीचं वाटतंय ना, वरच्या १३ जणांच्या अभ्यासासारखं. पण मी याला पुरावा म्हणणार नाही, एका आठवड्यात पाय थोडे तयार झाले असतील, सकाळ जास्त थंड असेल, आणि ओआरएस पितोय हे दादांना माहीत होतंच.

खरी गोष्ट सापडली ती क्लिनिकमधे, भिंतीला दोन बोटं टेकवून. एका पायावर उभं राहून टाच पूर्ण वर उचलायची, परत खाली, दर दोन सेकंदाला एक. उजव्या पायाने २३ झाल्या, डाव्याने १४ आणि चौदावीला टाच अर्धीच उठली. या वयात पंचविशीच्या आसपास व्हायला हव्यात. विचारल्यावर आठवलं की चार वर्षांपूर्वी डावा घोटा मुरगळलेला, प्लास्टर निघालं आणि मग कोणी व्यायाम सांगितला नाही, यांनी विचारला नाही. म्हणजे डावी पोटरी आधी थकते. एकाच पायात का, या प्रश्नाचं उत्तर सोडियममधे नव्हतं, इथे होतं.

एक सांगून ठेवते, गोळा म्हणून येणारं सगळं गोळाच असतं असं नाही. गोळ्यात स्नायू डोळ्याला दिसेल इतका कडक आणि गाठ आल्यासारखा होतो. स्नायू मऊच आहे पण खूप दुखतंय, पायात जोरच नाही, माणूस थोडं पळूनच कोसळतोय, तर सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा विचार करावा लागतो, आणि पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो जीन बऱ्यापैकी आहे. लघवी कोकाकोलाच्या रंगाची झाली तर स्नायू फुटून त्याचा कचरा किडनीत चाललाय, तिथे लिंबूपाणी पीत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं. दादांचं यातलं काही नव्हतं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही चालू नव्हत्या, त्यांनीही कधी कधी स्नायू दुखतात.

व्यायाम म्हणाल तर साधाच. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा खाली सोडून वर उचलणं, आधी दोन पायांनी, मग एका, मग पाठीवर सॅक घेऊन, आठवड्यात तीन दिवस. लांब रनमधे शेवटचे तीन, मग चार, मग सहा किलोमीटर रेसच्या पेसने, म्हणजे थकलेल्या पोटरीला त्या वेगाची सवय होते. स्पेनमधे व्हॅलेन्सिया मॅरेथॉनच्या रनरांवर झालेल्या अभ्यासातही गोळेवाल्यांत आणि बाकीच्यांत पाण्या-मिठाचा फरक निघाला नव्हता, पायांचा स्ट्रेंथचा व्यायाम करणारे मात्र गोळेवाल्यांत कमी होते आणि स्नायूला इजा झाल्याच्या खुणा त्यांच्या रक्तात जास्त. मॅग्नेशियमच्या गोळ्या दादा आधीच घेत होते, त्या बंद करा म्हटलं, व्यायामातल्या गोळ्यांसाठी त्याच्या धड ट्रायलच नाहीत. आणि रेसमधल्या प्रत्येक पाण्याच्या स्टेशनवर ग्लासभर पाणी ढोसायचं नाही, तहान लागेल तसं, कारण जास्त पाण्याने सोडियम खरंच धोकादायक खाली येऊ शकतं.

चार महिन्यांनी डाव्या पायाच्या टाचा २२ झाल्या. पुढच्या हिवाळ्यात दादा पहिले दहा ५:५० ने गेले, शेवट दाबला, २ तास ३ मिनिटं, गोळा नाही. पण खिशात ओआरएसची छोटी बाटली होती आणि ती त्यांनी पिऊन संपवली. ग्रुपमधे दोन पार्ट्या पडल्या, मित्र म्हणतो मी सांगितलं होतं मीठुं, मी म्हणते पोटरी आणि पेस. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कोणाचं ते या केसमधून निघत नाही. माझा कौल थकव्याकडे आहे, मीठ त्याला थोडं पुढे-मागे ढकलत असेल, त्यातही लांब, गरम रेसमधे जास्त.

दादांना म्हटलं, एक रेस याच पेसने आणि बाटलीशिवाय पळून बघा म्हणजे निदान तुमच्यापुरतं तरी कळेल. दादा म्हणाले, "ताई, तुम्ही पळा."